पॅनेलमधलं तापलेलं टोक: थर्मल फोटो वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये थर्मल कॅमेरा बहुतेक वेळा एकाच कामासाठी बाहेर निघतो, ते म्हणजे ४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये कुठला जोड तापतोय हे बघायला. म्हणून इथली बरीचशी उत्तरं पॅनेलबद्दल आहेत. मोटार आणि घराची भिंत यांच्याबद्दलचे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

कॅमेरा नेमकं काय मोजतो?

वस्तूच्या पृष्ठभागावरून निघणारं इन्फ्रारेड, साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचं. त्यावरून तो तापमानाचा हिशेब करतो. आतलं त्याला काहीच दिसत नाही. एमसीसीबी या मोठ्या ब्रेकरच्या पोटातले कॉन्टॅक्ट जळत असतील, तर तुम्हाला फक्त बाहेरचं प्लास्टिक कोमट दिसेल. जोडावर टेप किंवा स्लीव्ह असेल, तर दिसतं ते त्या टेपचं तापमान. आतला जोड त्याहून गरम असतो, कमी कधीच नसतो. त्यामुळे कॅमेऱ्यातला आकडा हा बहुतेक वेळा दुखण्याचा कमीत कमी अंदाज समजावा.

पॅनेलचं दार न उघडता, पुढच्या पारदर्शक पत्र्यातून फोटो काढला तर?

उपयोग नाही. काच आणि अ‍ॅक्रिलिक डोळ्याला आरपार दिसतात, पण या तरंगलांबीला दोन्ही भिंतीसारखीच आहेत. फोटोत त्या शीटचं तापमान येतं आणि वर कॅमेरा धरलेल्या माणसाची आकृती उमटते. आतला जोड १०० अंशांवर असला, तरी शीटवर जेमतेम धुरकट डाग दिसेल. शीट काढावीच लागते, नाहीतर दारात खास इन्फ्रारेड खिडकी बसवून घ्यावी लागते.

चालू पॅनेलचं दार उघडणं हे परवानाधारक वायरमनचंच काम. फोटो काढणाऱ्याने दाराबाहेर निदान मीटरभर अंतर ठेवून उभं राहावं, अंगठी-कडं काढून ठेवावं, आणि "हे बघ इथे" म्हणून बोट आत नेण्याचा मोह टाळावा. दाखवायला स्क्रीन आहे.

फोटो कधी काढावा? सुट्टीच्या दिवशी सवडीने चालेल का?

सुट्टीच्या दिवशी काढलेल्या फोटोत सगळं पॅनेल निळंशार आणि निरोगी दिसेल. जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट निम्मा झाला की उष्णता पाव होते, आणि २० टक्के लोडवर तर पंचविसावा भाग उरते. म्हणून निदान ४० टक्के लोड असल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. शक्य असेल तर रोजचा सर्वात जड वेळ निवडा. फौंड्रीत ही वेळ सहसा सँड मिक्सर, ब्लोअर आणि कॉम्प्रेसर एकदम चालू असताना मिळते.

लोड आल्यावर लगेचही काढू नका. बारीक वायरचा जोड १५-२० मिनिटांत स्थिरावतो, बसबार म्हणजे वीज वाहून नेणारा जाड धातूचा पट्टा, त्याला आणि मोटारीला तास-दीड तास लागतो. दार उघडल्यावर मात्र उलटी घाई करायची. गार हवा आत शिरली की पृष्ठभाग पाच-दहा मिनिटांत उतरायला लागतात. आधी कॅमेरा चालू करून तयार ठेवावा आणि मग दार उघडावं.

प्रत्येक फोटोबरोबर त्या क्षणीचा तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने घेऊन लिहून ठेवा. हा आकडा नसेल तर पुढचं सगळं निदान अंदाजपंचे होतं.

बसबार नक्की तापतोय, पण कॅमेरा ४० अंशच दाखवतो. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा ठीक आहे, बसबार चकचकीत आहे. पृष्ठभाग आपल्या तापमानाच्या मानाने किती इन्फ्रारेड सोडतो, याला उत्सर्जकता म्हणतात. कॅमेऱ्याच्या मेनूत तीच `Emissivity` या नावाने असते. रंग, पीव्हीसी, रबर, काळी टेप यांची उत्सर्जकता ०.९ ते ०.९५ असते. घासलेलं तांबं, ॲल्युमिनियम, टिनचा मुलामा यांची ०.०५ ते ०.१ च्या आसपास. म्हणजे असा धातू स्वतःचं जवळजवळ काहीच सांगत नाही. समोरचं जे असेल ते आरशासारखं परत पाठवतो.

हिशेब करून बघा. बसबार खरोखर ८० अंशांवर आहे, उत्सर्जकता ०.१ आहे, समोरची भिंत ३४ अंशांची आहे आणि कॅमेऱ्यात ०.९५ भरलेलं आहे. स्क्रीनवर येतील सुमारे ४० अंश. दुखणं चाळीस अंशांनी लपलं!

मग मेनूत ०.१ भरावं का? भरू नये. इतक्या कमी उत्सर्जकतेला ०.१ आणि ०.१४ एवढ्याशा फरकानेही आकडा कुठल्या कुठे उडतो, आणि समोरच्या भिंतीचा प्रत्येक बदल मोठा होऊन येतो. खात्रीचा उपाय साधा आहे. शटडाऊनच्या वेळी बसबारवर, प्रत्येक जोडाजवळ, काळ्या पीव्हीसी टेपचा इंचभर तुकडा चिकटवून ठेवायचा. पुढच्या वेळी चालू पॅनेलमध्ये कॅमेरा त्या टेपवर नेमायचा आणि ०.९५ वर वाचायचं. तिन्ही फेजवर सारख्याच जागी टेप लावा, म्हणजे तुलना सरळ होते. टेप नसेल, तर जोडाला लागून असलेलं केबलचं इन्सुलेशन वाचा. तेही पीव्हीसीच आहे. चालू बसबारवर टेप चिकटवायला मात्र कोणीही जाऊ नये.

जुना, काळवंडलेला तांब्याचा पट्टा ०.६ ते ०.८ पर्यंत जातो, त्यामुळे तो बराच खरा बोलतो. पॅनेल जितकं नवं आणि चकचकीत, तितका फोटो फसवा.

दिसणारा तापलेला ठिपका खरा की परावर्तन, हे कसं ओळखायचं?

दोन पावलं बाजूला सरका. ठिपका धातूवर घरंगळत तुमच्याबरोबर सरकला, तर ते परावर्तन आहे: वरचा दिवा, शेजारची भट्टी किंवा तुम्ही स्वतः. जागच्या जागी राहिला तर खरा. दुसरी खूण कडांची असते. खरी उष्णता उगमापासून दूर जाताना हळूहळू उतरते, परावर्तनाची कड कापल्यासारखी असते. फौंड्रीत लाडल समोरून जात असेल, तेव्हा फोटो थांबवलेलाच बरा.

फोटोत एक कोपरा पांढराशुभ्र आला आहे. म्हणजे धोका आहे का?

नुसत्या रंगावर जाऊ नका. तांबडा-पांढरा याला कोल्हापुरात ताटात महत्त्व आहे, थर्मल फोटोत नाही. कॅमेरा ऑटोवर असला की फ्रेममधल्या सर्वात गरम बिंदूला पांढरा आणि सर्वात गार बिंदूला काळा रंग देतो. मग तो फरक ३ अंशांचा असो की ६० अंशांचा. ३५ ते ३८ अंशांचं निरोगी पॅनेलही ऑटोवर पेटल्यासारखं दिसतं. सगळ्या फोटोंना एकच पल्ला लॉक करा, उन्हाळ्यात साधारण ३० ते ८०. मग एका फोटोचा पिवळा आणि दुसऱ्याचा पिवळा यांचा अर्थ एकच राहील.

लांबून, सुरक्षित अंतरावरून मोजलं तर आकडा बरोबर येतो का?

ते कॅमेऱ्याच्या पिक्सेलवर अवलंबून आहे. १६० बाय १२० पिक्सेलचा आणि ४५ अंश रुंदीच्या लेन्सचा स्वस्तातला कॅमेरा घ्या. एक मीटरवर त्याचा एक पिक्सेल जवळपास ५ मिलिमीटर जागा व्यापतो. तापमान विश्वासाने वाचायला निदान तीन बाय तीन पिक्सेल पूर्ण भरायला हवेत, म्हणजे १५ मिलिमीटरचा ठिपका. केबलच्या टोकाला बसवलेल्या मोठ्या लगला हे पुरतं. कंट्रोल वायरच्या ४ मिलिमीटरच्या टर्मिनलला पुरत नाही. तिथे गरम स्क्रू आणि गार पाठ यांची सरासरी येते आणि ९० चे ६० होतात. ३२० बाय २४० पिक्सेल आणि २४ अंशांची लेन्स असेल, तर तेच टर्मिनल मीटरभरावरून नीट वाचता येतं. डिजिटल झूम दाबल्याने पिक्सेल वाढत नाहीत, फक्त मोठे दिसतात.

एखादं टोक तापलेलं दिसलं. कारण कसं ठरवायचं?

आधी आकडा बाजूला ठेवा आणि उष्णता कुठून कुठे उतरते ते बघा. निम्मं निदान त्या उतारातच असतं.

एका जोडाशी सर्वात गरम आणि तिथून केबलवर वीत-दीड वीत जाईपर्यंत तापमान उतरत गेलं, तर दोष जोडात आहे. वाढलेला रोध एका जागी आहे, केबल फक्त ती उष्णता वाहून नेतेय. संपूर्ण केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी गरम असेल, तर जोडाला दोष देऊ नका. करंट जास्त आहे, केबल बारीक आहे, किंवा ट्रेमध्ये एकावर एक इतक्या केबल रचल्या आहेत की त्यांना हवाच नाही. तीनपैकी एकच केबल अशी गरम असेल, तर क्लॅम्प मीटरवर तिचा करंटही जास्त येईल. ते लोड असंतुलनाचं चित्र आहे.

एमसीसीबी किंवा कॉन्टॅक्टरच्या एकाच पोलचं वरचं आणि खालचं अशी दोन्ही टर्मिनलं गरम असतील आणि मधलं अंगही, तर उष्णता आतून येतेय: कॉन्टॅक्ट खड्डे पडून खराब झालेत. तिथे बाहेरचे बोल्ट आवळून काही साधत नाही.

काही वस्तू मुळातच गरम असतात आणि नव्या माणसाला घाबरवतात. कॉन्टॅक्टरची कॉइल, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, मोटारीचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचा हीटसिंक, थर्मल ओव्हरलोड रिले हे त्यातले. रिलेच्या आत तर करंटने तापणारी बायमेटल पट्टीच असते. यांची तुलना शेजारच्या सारख्या लोडवरच्या सारख्या वस्तूशीच करा.

किती अंश फरक म्हणजे गंभीर?

नेटा या अमेरिकन संस्थेचा तक्ता सगळीकडे वापरला जातो. सारख्या लोडवरच्या सारख्या दोन भागांत १ ते ३ अंश फरक असेल तर दोष असू शकतो, लक्ष ठेवा. ४ ते १५ अंश असेल तर दोष असण्याचीच शक्यता, सवडीने दुरुस्त करा. १५ च्या वर गेला तर ताबडतोब. हा तक्ता फोटोच्या वेळच्या लोडवर वाचायचा नसतो, पूर्ण लोडचा विचार करून वाचायचा असतो. तो विचार कसा करायचा, हे पुढच्या उदाहरणात आहे.

एक उदाहरण आकड्यांसह सोडवून दाखवाल का?

शिरोलीतल्या एका फौंड्रीच्या डस्ट कलेक्टर ब्लोअरचं घेऊ. मोटार ३७ किलोवॉटची, म्हणजे ५० एचपी, पूर्ण लोडचा करंट सुमारे ६७ अँपिअर. एमसीसीबीच्या आउटगोइंगला ३५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पीव्हीसी केबल. पॅनेलमधली हवा ३४ अंश. तासभर ब्लोअर चालल्यावरची नोंद अशी:

आर फेज: ५२ अँपिअर, ४६ अंश.
वाय फेज: ५१ अँपिअर, ७९ अंश.
बी फेज: ५३ अँपिअर, ४७ अंश.

तिन्ही करंट सारखे आहेत, म्हणून असंतुलन बाद. वाय फेजची केबल लगपासून २० सेंटिमीटरवर ४९ अंशांवर आली, म्हणजे केबल बारीक असण्याचं कारणही बाद. एमसीसीबीच्या वाय पोलचं वरचं टर्मिनल ४८ अंश, म्हणून आतले कॉन्टॅक्टही बाद. उरतो तो लगच्या आसपासचा जोड, आणि शेजाऱ्यांपेक्षा तो ३२-३३ अंश वर आहे.

आता लोड. ५१ अँपिअर म्हणजे पूर्ण लोडच्या ७६ टक्के. तापमानवाढ करंटच्या साधारण १.६ ते २ घाताने वाढते:

```
वाढ(पूर्ण) = वाढ(आता) × (67/51)^n
n = 1.6 : 45 × 1.55 ≈ 70
n = 2.0 : 45 × 1.73 ≈ 78
```

४५ ही वाय टर्मिनलची हवेपेक्षा वाढ, ७९ वजा ३४. म्हणजे डॅम्पर पूर्ण उघडून मोटार पूर्ण लोडवर गेली, तर तेच टोक १०४ ते ११२ अंशांवर जाईल. पीव्हीसी केबलच्या वाहकाची मर्यादा ७० अंश आहे. ती आताच ओलांडली आहे, तेव्हा पुढच्या सुट्टीची वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

इथे बहुतेक जण स्पॅनर घेऊन बोल्ट आवळायला जातात. थांबा. जोड एक नाही, दोन आहेत: एक एमसीसीबीचं टर्मिनल आणि लगची पट्टी यांच्यातला, बोल्टचा. दुसरा लगची नळी आणि केबलचे तार यांच्यातला, क्रिम्पचा. फोटोत नळी जास्त गरम दिसत होती. पण नळीवर स्लीव्ह होती, ती ०.९५ ची, आणि पट्टी टिनची चकचकीत. पट्टीही तितकीच गरम असती, तरी फोटोत गारच दिसली असती. म्हणून चित्रावरून इथे निवाडा होत नाही.

निवाडा करतो मल्टिमीटर. एसी मिलीव्होल्टवर ठेवून, चालू लोडवर, वायरमनने इन्सुलेटेड हातमोजे घालून आणि बारीक टोकाचे प्रोब वापरून मोजायचं. प्रोबच्या वायरी एकमेकींना पिळून घ्याव्यात, नाहीतर शेजारच्या करंटमुळे वायरींतच काही मिलीव्होल्ट उमटतात. टर्मिनल ते लगची पट्टी: ४ मिलीव्होल्ट. पट्टी ते नळीबाहेर उघड्या दिसणाऱ्या तारा: १३६ मिलीव्होल्ट. आर फेजवर हे दोन्ही मिळून ३ मिलीव्होल्ट होते.

१३६ मिलीव्होल्टला ५१ अँपिअरने भागलं की २.७ मिलीओहम येतात, आणि गुणलं की सुमारे ७ वॉट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अंगठ्याएवढ्या लगला सात वॉट जिरवायला जागा नसते. आर फेजवर ही उष्णता ०.२ वॉटसुद्धा नाही.

म्हणजे बोल्ट ठीक होता, क्रिम्प खराब होतं. शटडाऊन घेऊन लग कापला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. ॲल्युमिनियम केबलला साधा तांब्याचा टिन केलेला लग लावलेला होता, आणि डाय एक माप मोठी वापरल्याने नळी तारांवर पूर्ण दबलेली नव्हती. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतो आणि तो वीज नेत नाही. पावसाळ्यातल्या ओल्या हवेत तांब्या-ॲल्युमिनियमच्या जोडात गंजही चढतो. रोध वाढला की जोड तापतो, तापला की फुगतो, गार झाला की सैल होतो, आणि रोध आणखी वाढतो.

दुरुस्ती: जळकं टोक ५-६ सेंटिमीटर मागे कापलं, चकचकीत तारा दिसेपर्यंत. तारा वायर ब्रशने घासल्या, जॉइंटिंग कंपाउंड लावलं, ॲल्युमिनियमची नळी आणि तांब्याची पट्टी असलेला ३५ चा बायमेटॅलिक लग चढवला, त्याच मापाच्या डायने दोन ठिकाणी दाबला. बोल्ट एमसीसीबीवर छापलेल्या टॉर्कला टॉर्क रेंचने आवळला. पुन्हा तासभर चालवून घेतलेला फोटो: ५२ अँपिअर, वाय ४७ अंश.

बोल्ट आवळला, आठवड्यात पुन्हा तापलं. असं का?

वरच्या उदाहरणासारखं क्रिम्प खराब असेल तर आवळून काही होत नाही. बोल्ट खरोखर सैल असेल, तरी एकदा तापून काळा पडलेला जोड फक्त आवळून सुधारत नाही, कारण ऑक्साइड आत तसंच राहतं. उघडा, घासा, वॉशर बदला, मग आवळा. आणि ताकद लावून जास्त आवळणं हेही दुखणंच आहे: ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही दिवसांत तोच जोड पुन्हा ढिला होतो.

न्यूट्रल फेजपेक्षा गरम आहे. कसं शक्य आहे?

तिन्ही फेज संतुलित असले की न्यूट्रलमधले करंट एकमेकांना रद्द करतात, हे फक्त ५० हर्ट्झला खरं आहे. एलईडी दिवे, कॉम्प्युटर, छोटे सिंगल फेज ड्राइव्ह तिसरं हार्मोनिक सोडतात. ते १५० हर्ट्झचं असतं आणि तिन्ही फेजचं न्यूट्रलमध्ये बेरीज होऊन येतं. ट्रू आरएमएस क्लॅम्पने न्यूट्रलचा करंट मोजा. तो फेजइतका किंवा जास्त असेल, तर अर्ध्या जाडीचा न्यूट्रल तिथे चालणार नाही. करंट कमी आणि तरीही गरम असेल, तर जोडच सैल आहे. न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या उपकरणांवर जास्त व्होल्टेज येऊन ती जळतात, त्यामुळे हा जोड आधी बघा.

लोखंडी ग्लँड प्लेटच तापली आहे, केबल गार आहे.

जाड सिंगल कोर केबल एकेकट्या वेगळ्या भोकांतून लोखंडी पत्र्यातून नेल्या आहेत का बघा. प्रत्येक केबलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र लोखंडात एडी करंट निर्माण करतं आणि पत्रा तापतो. तिथली ग्लँड प्लेट ॲल्युमिनियमची करा, किंवा तिन्ही फेज एकाच भोकातून न्या.

गार दिसणारा भाग म्हणजे निरोगी, बरोबर?

नेहमी नाही. पॉवर फॅक्टरच्या कपॅसिटर बँकेत सहा युनिट चालू आहेत, पाच कोमट आणि एक गार. त्या गार युनिटचा फ्यूज उडालाय किंवा ते मेलंय. तीन फ्यूजपैकी एक गार, तर तिथून करंट जातच नाही. अशा वेळी दोन फेजवर चालणारी मोटार उरलेले दोन फेज तापवते, आणि सगळ्यांचं लक्ष त्या गरम टोकांकडे जातं.

उघड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचे फोटो दुपारी काढले तर?

दुपारचं ऊन पत्रा आणि बुशिंग दोन्ही तापवतं. अंधार पडल्यावर तासाभराने काढा. वारा असेल तर आणखी सावध राहा, कारण ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यातही उघड्या जोडाची तापमानवाढ निम्म्यापर्यंत उतरू शकते. पाऊस पडत असताना फोटो काढूच नये.

मोटारीचं अंग ७५ अंश दाखवतं. बदलायची का?

तेवढ्यावरून नाही. क्लास एफ इन्सुलेशनची वाइंडिंग १५५ अंशांपर्यंत सहन करते, आणि अंगाचं तापमान वाइंडिंगपेक्षा बरंच कमी असतं. उतार बघा. संपूर्ण अंग सारखं गरम असेल तर ओव्हरलोड, फिन्समध्ये साचलेली फौंड्रीची वाळू, तुटलेला पंखा किंवा असमान व्होल्टेज. व्होल्टेजमधलं एक टक्का असंतुलन करंटमध्ये सहा ते दहा टक्के असंतुलन आणू शकतं, म्हणून तिन्ही लाइन व्होल्टेज मोजा. एकच टोक गरम असेल तर बेअरिंग. पुलीकडचं बेअरिंग पंख्याकडच्यापेक्षा थोडं गरम असणं स्वाभाविक आहे. फरक २० च्या वर गेला, तर बेल्टचा ताण आणि अलाइनमेंट तपासा. आणि कालच कुणी ग्रीस भरलंय का, हेही विचारा. जास्त भरलेलं ग्रीस घुसळून घुसळून बेअरिंग तापवतं. काही तासांत ते उतरलं नाही, तर जादा ग्रीस काढावं लागतं.

घराच्या भिंतीतली ओल या कॅमेऱ्याने सापडते का?

सापडते, पण ओल गार दिसते. भिंतीतलं पाणी बाष्प होताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला पट्टा कोरड्यापेक्षा एक-दोन अंश गार असतो. कॅमेऱ्याचा पल्ला पाच-सहा अंशांवर आणल्याशिवाय तो दिसत नाही. मात्र जुलैत कोल्हापूरच्या हवेत दमटपणा इतका असतो की बाष्पीभवन जवळपास थांबतं आणि डाग फोटोतून पुसला जातो. पंखा लावून खोली तासभर कोरडी हवा खाऊ द्या, मग बघा. आणि गार पट्टा म्हणजे ओलच, असंही नाही. आतला काँक्रीटचा कॉलम आणि एसीचा झोतही तसेच दिसतात. ओलावा मीटर टोचून खात्री केल्याशिवाय प्लास्टर फोडू नका.

नोंद कशी ठेवायची?

प्रत्येक फोटोखाली पॅनेलचं नाव, फेज, तिन्ही करंट, हवेचं तापमान, वापरलेली उत्सर्जकता, अंतर आणि वेळ लिहा. त्याच कोनातून, त्याच अंतरावरून साधा फोटोही काढा, नाहीतर सहा महिन्यांनी कुठला लग होता ते कुणालाच सांगता येत नाही. फाइल कॅमेऱ्याच्या मूळ स्वरूपात, म्हणजे रेडिओमेट्रिक ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोत तापमान उरत नाही, फक्त रंग उरतात, आणि चुकून भरलेली उत्सर्जकता नंतर दुरुस्तही करता येत नाही.